धागा: शोरूमवाला १० टक्के सांगतो, बँक १३ टक्के. मग बँकेचा हप्ता कमी कसा?

खानापूरचा_सुहास
नमस्कार मंडळी. बेळगावात नोकरी लागल्यापासून रोज खानापूरहून बसने येतो-जातो, आता गाडी घ्यायचं ठरवलंय. माझ्याकडचे थोडे घालून १,००,००० रुपये कर्ज लागेल, मुदत ३६ महिने.

शोरूममध्ये फायनान्सचा माणूस बसलेला असतो. तो म्हणाला, "दहा टक्के, महिना ३,६११." परत येताना सहज बँकेत विचारलं. तिथल्या मॅडमनी १३ टक्के सांगितले, म्हणून मी निघालोच होतो. त्यांनीच थांबवून हप्ता काढून दिला, ३,३६९.

रक्कम तीच, महिने तेवढेच. दर जास्त आणि हप्ता २४२ रुपयांनी कमी? दोन्ही चिठ्ठ्या समोर ठेवून बसलोय, कुणाची चूक आहे ते कळत नाही.

नानावाडी_९
बँकेच्या मॅडमनी महिने चुकीचे टाकले असतील. १३ टक्क्यांचा हप्ता १० टक्क्यांपेक्षा कमी येणं शक्यच नाही. परत जाऊन विचार.

निवृत्त_शाखाधिकारी
सुहास, दोन्ही आकडे बरोबर आहेत, कुणीही चुकलेलं नाही. शोरूमचा दर फ्लॅट आहे आणि बँकेचा घटत्या शिलकीवरचा. शोरूमवाल्याने तो एक शब्द तुम्हाला सांगितला नाही, एवढंच.

त्याचा हिशोब असा. एक लाखावर दहा टक्के म्हणजे वर्षाला १०,०००. तीन वर्षांचे ३०,०००. मुद्दल आणि व्याज मिळून १,३०,०००, त्याला ३६ ने भागलं की ३,६११. पाटीवरचा हिशोब आहे, कुणीही करून बघावा.

आता तुमचा हप्ता फोडून बघा. ३,६११ पैकी २,७७८ मुद्दल आणि ८३३ व्याज, आणि ही फोड ३६ महिने तशीच. पहिल्या महिन्यात तुमच्या हातात त्यांचे पूर्ण एक लाख आहेत, तेव्हा ८३३ व्याज ठीक आहे. शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे फक्त २,७७८ रुपये उरलेत, तरी व्याज ८३३च. त्या एका महिन्यापुरतं पाहिलं तर शेकडा तीस झाले, तेही महिन्याला.

बँकेत पहिल्या महिन्याचं व्याज १,०८३ लागतं, म्हणजे शोरूमपेक्षा जास्त. पण हप्त्यातले उरलेले २,२८६ मुद्दलातून वजा होतात आणि पुढच्या महिन्याचं व्याज उरलेल्या मुद्दलावरच लागतं. असं घटत घटत शेवटच्या हप्त्यात व्याज फक्त ३६ रुपये असतं. तीन वर्षांचं एकूण व्याज होतं सुमारे २१,३००. शोरूमचं ३०,०००.

शोरूमचा दर बँकेच्या पद्धतीने मांडला तर १७.९ टक्के होतो. तुमची तुलना १३ विरुद्ध १७.९ अशी आहे.

खानापूरचा_सुहास
काका, मोबाईलवर सगळं करून बघितलं, अगदी तंतोतंत येतंय. तो शेवटच्या महिन्याचा हिशोब वाचून बसूनच राहिलो.

वडगावची_मेघा
फ्लॅटच्या कर्जाचं विचारताय ना? आम्ही मागच्या वर्षी वडगावात फ्लॅट घेतला. दर बदलता घ्यायचा की कायमचा, यावरून घरात महिनाभर वाद चालला होता. शेवटी बदलता घेतला. दर वाढला तर हप्ता तोच राहतो आणि महिने वाढतात, तेवढं बघून घ्या.

खानापूरचा_सुहास
मेघाताई, फ्लॅट म्हणजे घर नव्हे ओ, व्याजाची पद्धत. गाडी घेतोय मी. पण महिने वाढतात हे मला माहीत नव्हतं.

वडगावची_मेघा
अय्या, मग राहू दे. गाडी घेतल्यावर कुंदा मात्र पाठवा.

निपाणीचा_बबन
मी बिडीच्या वखारीत हिशोब लिहितो. सोपी युक्ती सांगतो, फ्लॅट दर ऐकला की दुप्पट करायचा. १० सांगितला की २० धरा, १२ सांगितला की २४. कारण हप्ते भरत गेल्यावर तीन वर्षांत सरासरी निम्मीच रक्कम आपल्याकडे राहते आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर. गणिताची गरजच नाही.

निवृत्त_शाखाधिकारी
बबनराव, कारण अगदी बरोबर सांगितलंत. युक्ती सावध करण्यापुरती उत्तम, पण तिच्यावर कर्ज ठरवू नका.

मुद्दल दर महिन्याला २,७७८ ने सारखं उतरतं असं धरलं तर सरासरी शिल्लक ५१ हजारांच्या वर येते आणि दर साडेएकोणीसच्या जवळ दिसतो. पण घटत्या पद्धतीत सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्त कापलं जातं, म्हणून मुद्दल आधी हळू उतरतं, नंतर भराभर. त्यामुळे सरासरी शिल्लक छपन्न हजारांच्या आसपास राहते आणि दर १७.९ येतो.

शिवाय पट कायम राहत नाही. १० टक्के फ्लॅट पाच वर्षांसाठी घेतलं तर खरा दर १७.३ होतो. २० टक्के फ्लॅट तीन वर्षांसाठी असेल तर ३३.६, दुप्पट धरून ४० नाही. दर वाढला किंवा मुदत दोन-तीन वर्षांच्या पुढे गेली की पट कमी होत जातो.

निपाणीचा_बबन
म्हणजे मी इतकी वर्षं लोकांना जास्तच भिववत होतो. चालेल, भिऊन कुणाचं नुकसान झालं नसेल.

शहापूरकर_पुण्यात
ज्यांना स्वतः काढून बघायचंय त्यांच्यासाठी. संगणकावर किंवा मोबाईलवर एक्सेल उघडा आणि कुठल्याही चौकटीत हे टाका:

```
=RATE(36,-3611,100000)*12
```

पहिला आकडा हप्त्यांची संख्या, दुसरा हप्ता, तिसरा हातात आलेली रक्कम. हप्त्यापुढचं वजाचं चिन्ह विसरायचं नाही, विसरलात तर उत्तर येणार नाही. चौकट टक्क्यांची केली की १७.९२ दिसेल. समोरचा कुठलाही दर सांगू दे, या तीन आकड्यांपुढे त्याचं काही चालत नाही.

गणपत_गल्ली_दुकानदार
माझं जरा वेगळं आहे. कापडाचं छोटं दुकान आहे. सोसायटीतून ५०,००० घेतलंय वर्षासाठी, १४ टक्के. रोज संध्याकाळी पिग्मीवाला येतो आणि १५० रुपये घेऊन जातो. आता नऊ महिने होत आले. कर्ज घेताना विचारलं होतं, तेव्हा "घटत्या शिलकीवरच आहे" म्हणाले होते. म्हणजे मी सुटलो ना यातून?

निवृत्त_शाखाधिकारी
मालक, एक गोष्ट तपासा. ते रोजचे १५० रुपये तुमच्या कर्जखात्यात जमा होतात की वेगळ्या पिग्मीखात्यात साठून वर्षाअखेर एकदम वळते होतात?

वेगळ्या खात्यात साठत असतील तर कर्जाची शिल्लक वर्षभर घटतच नाही. कागदावर "घटत्या शिलकीवर" लिहिलेलं खरं असतं, पण घटायला काही मिळतच नाही. मग ५०,००० वर १४ टक्क्यांनी पूर्ण ७,००० व्याज लागतं. तेच पैसे महिन्याच्या हप्त्याने कर्जात गेले असते तर व्याज ३,९०० च्या आत राहिलं असतं. पिग्मीवर तुम्हाला थोडं व्याज मिळेल, पण त्याने ही दरी भरत नाही.

गणपत_गल्ली_दुकानदार
हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. कार्डावर पिग्मी नंबर वेगळा आहे खरा. उद्या दुकान उघडायच्या आधी जाऊन बघतो.

सहकार_सेवक
मी चिक्कोडी भागात एका सौहार्द संस्थेत पंधरा वर्षं काम करतोय. सगळे आम्हाला लुटारू ठरवायच्या आधी दोन शब्द ऐका.

आमच्याकडे येणारा सभासद ऊस लावणारा, दूध घालणारा, शिवणकाम करणारी बाई. त्याला घटत्या शिलकीचा तक्ता दिला तर तो दुमडून खिशात ठेवतो. "एक लाख घेतलास, एक लाख तीस हजार फेडायचे, महिना इतके" हे त्याला जागच्या जागी कळतं, घरी जाऊन बायकोला सांगता येतं. फ्लॅटमध्ये लपवण्यासारखं काही नाही, एकूण रक्कम आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. माणसाने टक्क्यांच्या नादी न लागता किती घेतले आणि किती फेडायचे एवढंच बघावं. कमी फेड म्हणजे स्वस्त कर्ज.

शहापूरकर_पुण्यात
साहेब, एकूण रक्कम सांगता हे चांगलंच आहे. मग सोबत "दहा टक्के" का सांगता? तो आकडा सभासद पलीकडच्या बँकेच्या तेराशी लावून बघणार हे तुम्हालाही माहीत असतं. लपवाछपवी नसेल तर दर सांगूच नका, १,३०,००० एवढंच सांगा.

सहकार_सेवक
दर सांगितला नाही तर तो विचारतोच. आणि शेजारची संस्था फ्लॅटच सांगते. आम्ही १८ सांगितला तर तो पायरीवरूनच परत जाईल. एका संस्थेने बदलून होत नाही, सगळ्यांनी एकदम बदललं तर होईल.

निवृत्त_शाखाधिकारी
शेजारच्या संस्थेची अडचण खरी आहे, मी स्वतः ती अनुभवली आहे. पण "कमी फेड म्हणजे स्वस्त" हे मुदत सारखी असेल तरच बरोबर.

सुहासने बँकेचं तेच १३ टक्क्यांचं कर्ज पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता २,२७५ होईल आणि व्याज ३६,५०० च्या वर जाईल. म्हणजे शोरूमच्या तीस हजारांपेक्षा जास्त. म्हणून ते महाग झालं का? नाही. तो पैसा दोन वर्षं जास्त वापरेल, त्याचं भाडं दिलं. उलट कुणी मुदत कमी करून फ्लॅट दर वाढवला तर एकूण फेड कमी दिसते आणि पैसा मात्र महाग पडतो. म्हणून रक्कम सारखी, महिने सारखे, मग हप्ता बघायचा. रक्कम आणि महिने सारखे नसतील तर शहापूरकरांचं ते सूत्र वापरायचं.

येळ्ळूरचा_पाटील
आमच्या गावात अजून शेकडा दोनने पैसे मिळतात. ते फ्लॅट म्हणायचं की घटतं?

निवृत्त_शाखाधिकारी
पाटील, तिथे महिन्याला फक्त व्याज देतात आणि मुद्दल शेवटी एकदम फेडतात ना? मग दोन्ही एकच. मुद्दल शेवटपर्यंत पूर्ण तुमच्याकडे असतं, म्हणून पूर्ण रकमेवरचं व्याज योग्यच आहे आणि दर सरळ २४ टक्के. फरक सुरू होतो तो मुद्दल हप्त्याहप्त्याने परत जायला लागलं की. तोच सावकार दोन टक्के पूर्ण रकमेवर लावून मुद्दलही महिन्याला घेऊ लागला, तर तो फार महाग झाला.

येळ्ळूरचा_पाटील
भाऊबंदातल्या एकाचं अगदी असंच चाललंय. त्याला वाटतं मुद्दल उतरतंय म्हणजे बरं. बोलतो त्याच्याशी.

अनगोळची_सविता
सुहास, आणखी एक बघून ठेव. मी स्कूटी अशाच दराने घेतली होती. वर्षभराने सोनं मोडून सगळं कर्ज फेडायला गेले. माझा हिशोब असा की बारा हप्ते गेले म्हणजे मुद्दलाचा एक तृतीयांश फिटला, दोन तृतीयांश उरला. त्यांनी सांगितलेली रक्कम बरीच जास्त होती. काउंटरवर मी भांडले, तर त्या मुलाने छापील तक्ता पुढे केला. त्या तक्त्यात पहिल्या महिन्यांचं व्याज जास्त आणि मुद्दल कमी दाखवलेलं. मला दर सांगताना फ्लॅट आणि फेडून घेताना घटतं! पर्समधले पैसे पुरेनात म्हणून त्या दिवशी तशीच घरी आले.

निवृत्त_शाखाधिकारी
सविताताईंचा अनुभव मी अनेकांकडून ऐकलाय. सुहासच्या आकड्यांत सांगतो. बारा हप्त्यांनंतर फ्लॅटच्या साध्या भागाकाराने मुद्दल उरतं ६६,६६७. पण कर्ज त्यांच्या पुस्तकात १७.९ टक्के घटत्या शिलकीनेच लिहिलेलं असतं आणि तिथे उरलेले असतात सुमारे ७२,४००. पावणेसहा हजारांचा फरक. त्यावर मुदतीआधी फेडण्याचा आकार असेल तर तो वेगळा. त्यांचं पुस्तक गणिताने चुकीचं नाही. राग याचा येतो की खरा दर त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होता.

अनगोळची_सविता
तेच म्हणते मी. माहीत होता, खरं मला सांगितला नाही.

खानापूरचा_सुहास
आज परत शोरूमला गेलो. हप्त्याची फोड मागितली तर आणखी दोन गोष्टी निघाल्या. फाईल चार्ज २,५०० आणि पहिला हप्ता आगाऊ, गाडी ताब्यात घेतानाच. म्हणजे कागदावर एक लाख, पण मला प्रत्यक्षात ९३,८८९ मिळणार. तो म्हणाला, "आगाऊ दिला की एक हप्ता कमीच झाला की, तुमचाच फायदा."

शहापूरकर_पुण्यात
तो फायदा मोजू या. हातात ९३,८८९, पुढचे हप्ते ३५.

```
=RATE(35,-3611,93889)*12
```

२१ टक्के आले. दहापासून सुरुवात केली होती.

खानापूरचा_सुहास
बाप रे. मी तर त्या मुलाला चहाही पाजला होता.

निवृत्त_शाखाधिकारी
चहाचं वाईट वाटून घेऊ नका, तो मुलगाही पगारावर आहे. आता त्याच्याकडे एक कागद मागा. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ ला काढलेल्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना बँकांनी आणि फायनान्स कंपन्यांनी 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यायचं असतं. त्यात एपीआर म्हणून एक दर असतो. फाईल चार्जसारखे खर्च धरून वर्षाचा जो दर पडतो तो हा. सोबत प्रत्येक हप्त्याचा तक्ताही असतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हा कागद तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यायचा असतो. इंग्रजी कळत नसेल तर मराठीत किंवा कन्नडमध्ये मागायला संकोच करू नका. आणि दिल्यावर निदान तीन कामाचे दिवस त्या अटी कायम ठेवाव्या लागतात. "आत्ता सही करा, ऑफर संध्याकाळपर्यंतच" असं कुणी म्हणालं तर तो कागद घेऊन सरळ घरी या.

बँकेचाही तोच कागद मागा. तिथेही प्रक्रिया शुल्क असतं, १३ चे १४ झाले तर आधी कळलेलं बरं.

नानावाडी_९
मी सुरुवातीला बँकेच्या मॅडमना चूक म्हटलं होतं, ते मागे घेतो. त्यांनी स्वतःहून हप्ता काढून दिला म्हणून हा सगळा उलगडा झाला.

गणपत_गल्ली_दुकानदार
काका, त्या सोसायटीला हा कागदाचा नियम लागू होतो का? मी सौहार्द सोसायटीतून घेतलंय.

निवृत्त_शाखाधिकारी
नाही. सौहार्द संस्था राज्याच्या १९९७ च्या सौहार्द कायद्याखाली येतात, रिझर्व्ह बँकेखाली नाही. अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक असती तर लागू झाला असता. तुम्ही सभासद आहात, त्या नात्याने खात्याचा उतारा मागा आणि सभेत विचारा.

सहकार_सेवक
उतारा कुणी मागितला तर आम्ही देतोच. माझ्याकडून एवढं करतो, पुढच्या बैठकीत फ्लॅटच्या शेजारी घटता दरही छापावा असं मांडतो. मान्य होईल असं वाटत नाही. वसुलीचं गणित बिघडेल म्हणून संचालक घाबरतात. पण मांडतो.

शहापूरकर_पुण्यात
मांडा साहेब. सभासदांना कळणार नाही असं समजू नका. इथे बिडीच्या वखारीतल्या माणसाने निम्म्या रकमेचं कारण सगळ्यांच्या आधी सांगितलं.

खानापूरचा_सुहास
बँकेतून कागद मिळाला. शुल्क धरून एपीआर १३.७. शोरूमवाला म्हणतो कंपनीकडून मेल येईल, तीन दिवस झाले, अजून आला नाही. बँकेला मात्र जामीनदार हवाय, आणि माझी नोकरी नवीन म्हणून सहा महिन्यांच्या पगाराचे कागद मागतात. माझे चारच झालेत. मामा जामीन राहायला तयार आहेत. दोन महिने थांबायचं की काय ते मॅडम साहेबांना विचारून सांगणार आहेत. तोवर बस आहेच.

गणपत_गल्ली_दुकानदार
उतारा मिळाला. दोन पानं आहेत. पिग्मीच्या पानावर रोजचे दीडशे, नऊ महिन्यांचे ४०,५०० जमा. कर्जाच्या पानावर पहिल्या ओळीत ५०,०००, शेवटच्या ओळीतही ५०,०००. मॅनेजरना विचारलं, हे आत्ता कर्जात वळतं करता येईल का. ते म्हणाले, अर्ज द्या. मराठीतच लिहून दिला आणि पोच घेऊन आलो.